नकारपत्रानंतरची नोंद

खाजगी कारखान्यांतून व कंपन्यांतून उमेदवारांना जी नकारपत्रे येतात, त्यांची भाषा बहुधा ठरीव असते. मुलाखतीस आल्याबद्दल आभार, या वेळी अन्य उमेदवाराची निवड झाल्याचे निवेदन आणि शेवटी एक वाक्य : "आपली माहिती भावी संधींसाठी आमच्याकडे जतन करण्यात येईल." हे शेवटचे वाक्य वाचून काहीजण आशेवर राहतात, तर काहीजण ते केवळ शिष्टाचार समजून पत्र बाजूला टाकतात. वास्तविक या वाक्यामागे एक निश्चित व्यवस्था असू शकते. नाकारलेल्या परंतु योग्य वाटलेल्या उमेदवारांची नोंद ठेवून पुढील जागा निघताच प्रथम त्यांच्याशी संपर्क साधणे, अशी ही व्यवस्था होय. भरती करणारी मंडळी तिला 'टॅलेंट पूल' म्हणतात. या नोंदीत राहण्याची विनंती कशी करावी, त्यासाठी संमती देताना काय पाहावे आणि त्या नोंदीकडून किती अपेक्षा ठेवावी, हे उमेदवाराने समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रथमच एक गैरसमज दूर केला पाहिजे. शासकीय भरतीतील प्रतीक्षा यादी आपल्याकडे सर्वांच्या परिचयाची आहे. त्या यादीला क्रम असतो, मुदत असते आणि ती जाहीर केली जाते. वरचा उमेदवार रुजू झाला नाही, तर खालच्याचा विचार होतो. (निवड यादीत नाव आले म्हणून नेमणुकीचा अबाधित हक्क उत्पन्न होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली शंकरसन दाश यांच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे, ही गोष्ट वेगळी.) कंपनीच्या टॅलेंट पूलमध्ये यांपैकी काहीच नसते. तेथे क्रमांक नसतो, यादी जाहीर होत नाही आणि हक्काचा तर प्रश्नच येत नाही. तुलना करावयाचीच तर ती सेवायोजन कार्यालयातील नोंदणीशी अधिक जुळेल. तेथे नाव नोंदविल्यावर मागणी येईल त्याप्रमाणे पात्र उमेदवारांची नावे पाठविली जात, आणि कार्डाचे नूतनीकरण मुदतीत न केल्यास नाव आपोआप गळून पडे. टॅलेंट पूलमधील नोंदही याच स्वभावाची आहे. ती शोधली गेली तरच उपयोगी पडते, आणि तिची निगा राखली नाही तर ती निर्जीव होते.

कंपनीकडे नेमके काय राहते ?

मध्यम व मोठ्या कंपन्यांत आता अर्ज कागदावर राहत नाहीत. भरतीसाठी वेगळी संगणक-प्रणाली असते आणि प्रत्येक उमेदवाराच्या नावे तीत एक नोंद उघडली जाते. अर्ज, शिक्षणाचा व अनुभवाचा तपशील, चाचणीचे गुण, मुलाखत घेणाऱ्यांचे शेरे, अपेक्षित वेतन, दूरध्वनी क्रमांक आणि ई-मेलचा पत्ता हे सर्व त्या नोंदीत असते. उमेदवार नाकारला जातो तेव्हा भरती अधिकाऱ्याला त्या नोंदीवर नकाराचे कारण निवडावे लागते. 'अनुभव अपुरा', 'वेतनाची अपेक्षा जास्त', 'अन्य उमेदवार अधिक योग्य' अशी ही कारणे ठरावीक असतात. उमेदवाराला ती बहुधा कळविली जात नाहीत, परंतु पुढे त्याचे नाव शोधात वर येणार की नाही, हे बऱ्याच अंशी त्या एका शेऱ्यावर अवलंबून असते.

जो उमेदवार अगदी अखेरच्या फेरीपर्यंत पोचला आणि एका जागेसाठी दुसरा ठरला, त्याला भरतीच्या व्यवसायात 'सिल्व्हर मेडलिस्ट', म्हणजे रौप्यपदकाचा मानकरी, म्हणतात. टॅलेंट पूलचा खरा उपयोग याच वर्गाला होतो. कारण उघड आहे. अशा उमेदवाराची चाचणी झालेली असते, विभागप्रमुखाने त्याला पाहिलेले असते, आणि पुढील जागेसाठी नव्याने जाहिरात देऊन शेकडो अर्ज चाळण्यापेक्षा त्याला एक दूरध्वनी करणे कंपनीला सोयीचे असते. उलट, ज्याचा अर्ज पहिल्या चाळणीतच बाद झाला, त्याच्याविषयी कंपनीला अर्जापलीकडे काहीच ठाऊक नसते. त्याने विनंतीपत्र पाठविण्यास हरकत नाही, परंतु त्याने त्या विनंतीवर विसंबून न राहता नवी जाहिरात येताच नवा अर्ज करणेच इष्ट. काही कंपन्यांत एकदा नाकारलेल्या उमेदवाराने सहा महिने किंवा वर्षभर त्याच पदासाठी पुन्हा अर्ज करू नये, असा नियम असतो. तो आहे की नाही, हे विनंतीपत्रातच विचारून घेता येते.

एक उदाहरण

ही प्रक्रिया प्रत्यक्षात कशी चालते, हे एका कल्पित परंतु नेहमीच्या व्यवहाराला धरून असलेल्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. सांगली जिल्ह्यातील एका तरुणीने यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतली असून कोल्हापूरच्या एका फाउंड्रीत ती दोन वर्षे तपासणीचे काम करीत आहे. व्हर्नियर, मायक्रोमीटर, गेज ही साधने तिच्या हाताखालची आहेत. चाकणच्या औद्योगिक वसाहतीत मोटारींचे सुटे भाग बनविणाऱ्या एका कारखान्याने 'क्वालिटी इन्स्पेक्टर'ची जागा जाहीर केली, तेव्हा तिने अर्ज केला. चाळणी झाली, तांत्रिक चाचणी झाली आणि विभागप्रमुखांच्या मुलाखतीपर्यंत दोघेच उरले. दुसऱ्या उमेदवाराला सी.एम.एम. यंत्र चालविण्याचा अनुभव होता. भागाच्या पृष्ठभागावरील बिंदूंना सूक्ष्म टोकाने स्पर्श करून संगणकाच्या साहाय्याने त्याची मापे घेणारे हे यंत्र आहे, आणि त्या कारखान्याला नेमकी तीच गरज होती. ३ जून रोजी तिला नकाराचा ई-मेल आला.

अशा वेळी उमेदवाराचा पहिला कल गप्प बसण्याकडे असतो, आणि दुसरा, आपली निवड का झाली नाही याचा जाब विचारण्याकडे. दोन्हींनी काही साधत नाही. त्या तरुणीने दुसऱ्याच दिवशी, नकाराच्या त्याच ई-मेलला उत्तर म्हणून, भरती अधिकाऱ्यांना असे पत्र पाठविले :

"महोदया, कालचे पत्र मिळाले. चाचणी आणि मुलाखत या दोन्हींसाठी आपण व विभागप्रमुखांनी वेळ दिलात, याबद्दल आभारी आहे. या वेळी माझी निवड झाली नसली, तरी आपल्या कारखान्यात तपासणी विभागात काम करण्याची माझी इच्छा कायम आहे. क्वालिटी इन्स्पेक्टर किंवा इनकमिंग मटेरिअल तपासणी या पदांवर पुढील बारा महिन्यांत जागा निघाल्यास माझ्याशी संपर्क साधावा, आणि त्यासाठी माझी माहिती व चाचणीचा निकाल आपल्या टॅलेंट पूलमध्ये ठेवावा, अशी विनंती आहे. त्यास माझी संमती आहे. कोणत्याही पाळीत काम करण्याची माझी तयारी आहे. सध्याच्या नोकरीतून मुक्त होण्यास तीस दिवस लागतील. मुलाखतीत सी.एम.एम.च्या अनुभवाचा उल्लेख झाला होता. तो अनुभव मिळविल्यास माझा विचार होऊ शकेल काय, हे सवडीने कळविल्यास उपकृत होईन."

या पत्राचा प्रत्येक भाग कामाचा आहे. जुन्या ई-मेललाच उत्तर दिल्यामुळे पत्र योग्य नोंदीशी जोडले जाते. नव्या विषयाने, नव्या पत्त्यावर पाठविलेले पत्र कोणाच्या तरी टपालात हरवते. पदांची नावे दिल्यामुळे अधिकाऱ्याला नोंदीवर नेमकी खूण करता येते. "कोणतेही काम चालेल" असे लिहिणारा उमेदवार कोणत्याच शोधात सापडत नाही, कारण शोध घेणारा माणूस पदाच्या किंवा कौशल्याच्या नावाने शोधतो, उमेदवाराच्या गरजेने नव्हे. मुदत लिहिल्यामुळे दोन्ही पक्षांना मर्यादा कळते. पाळी आणि मुक्त होण्याची मुदत या दोन गोष्टी तर भरती अधिकाऱ्याला फोन उचलण्यापूर्वीच हव्या असतात. आणि अखेरचा प्रश्न तक्रारीच्या सुरात नसल्यामुळे त्याला उत्तर मिळण्याची शक्यता वाढते. उत्तर नाही आले, तरी नाराज होऊन पुन्हा लिहू नये. अनेक कंपन्यांत नकाराची कारणे लेखी न देण्याचे धोरण असते.

पत्र लांबवू नये, हेही सांगितले पाहिजे. घरची परिस्थिती, आपल्यावर झालेला अन्याय, निवड झालेल्या उमेदवाराविषयी ऐकलेल्या गोष्टी यांना या पत्रात स्थान नाही. ते पत्रही नोंदीला जोडले जाते आणि पुढे विभागप्रमुख बदलला तरी वाचले जाते. नकार येऊन महिना लोटल्यावर पत्र पाठविले तर चालेल काय, असे पुष्कळ जण विचारतात. चालते, परंतु दोन-चार दिवसांत पाठविले तर ती फाइल अधिकाऱ्याच्या डोळ्यांसमोर असते आणि शेरा बदलणे सोपे जाते.

संमती म्हणजे काय ?

चार दिवसांनी त्या तरुणीला उत्तर आले. त्यात आभार होते आणि संमती नोंदविण्यासाठी एका लहानशा अर्जाचा दुवा होता. त्या अर्जात तीन चौकटी होत्या. पहिली : माझी माहिती बारा महिने जतन करून भावी जागांसाठी माझ्याशी संपर्क साधण्यास संमती आहे. दुसरी : माझी माहिती समूहातील इतर कंपन्यांना व सहयोगी संस्थांना देण्यास संमती आहे. तिसरी : कंपनीच्या माहितीपत्रिका व जाहिराती मला पाठवाव्यात. तिने पहिल्या चौकटीवर खूण केली आणि उरलेल्या दोन कोऱ्या ठेवल्या.

हा निर्णय विचारपूर्वक होता. समूहातील अन्य कारखाना ही चांगली संधी ठरू शकते. परंतु 'सहयोगी संस्था' या शब्दांत कोण कोण येते, हे अर्जात लिहिलेले नव्हते. ज्यांची नावे सांगितलेली नाहीत, त्यांच्या हाती आपला दूरध्वनी क्रमांक, जन्मतारीख आणि सध्याचे वेतन देणे शहाणपणाचे नाही. तिने त्या कंपन्यांची नावे विचारून घेऊन नंतर खूण केली असती तरी चालले असते.

या बाबतीत भारतीय कायदाही आता उमेदवाराच्या बाजूने बोलतो. डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण अधिनियम संसदेने २०२३ साली संमत केला. त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून, कंपन्यांवरील मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हावीत, अशी योजना त्या नियमांत आहे. या अधिनियमानुसार संमती ही मुक्तपणे दिलेली, विशिष्ट हेतूपुरती आणि पूर्ण माहितीनंतर, स्पष्ट कृतीने दिलेली असली पाहिजे. कशासाठी कोणती माहिती घेतली जात आहे, याची सूचना उमेदवाराला आधी दिली पाहिजे. आणि ही सूचना इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत, अर्थात मराठीतही, वाचण्याची सोय त्याला मिळाली पाहिजे. दिलेली संमती केव्हाही मागे घेता येते, आणि ती मागे घेणे हे देण्याइतकेच सोपे असावयास हवे. संमती मागे घेतल्यावर, अथवा ज्या हेतूसाठी माहिती घेतली तो संपल्यावर, अन्य कायद्याने ती ठेवणे आवश्यक नसेल तर ती पुसून टाकणे हे कंपनीचे कर्तव्य ठरते.

आधीच खूण केलेली चौकट आणि "अर्ज केला म्हणजे सर्व अटी मान्य" अशी ओळ यांना विशिष्ट संमती म्हणता येणार नाही. तथापि कागदावरील कायदा आणि कार्यालयातील सवय यांत अंतर असते, हे मान्य केले पाहिजे. आजही अनेक लहान कंपन्यांत उमेदवारांचे अर्ज संगणकाच्या एखाद्या कप्प्यात वर्षानुवर्षे पडून असतात. ते कोणी पुसत नाही आणि कोणी पाहतही नाही. अशा ठिकाणी 'आमच्याकडे जतन राहील' याचा अर्थ फक्त 'पडून राहील' एवढाच होतो. म्हणूनच दुवा किंवा अर्ज आला नाही, तर आपल्या पत्रात संमती, हेतू आणि मुदत या तीन गोष्टी स्वतःहून लिहून ठेवणे हा चांगला उपाय आहे. त्या तरुणीने तेच केले होते.

जर्मनीतील रीत

महाराष्ट्रातील कुशल तरुण जर्मनीत नोकरीसाठी अर्ज करू लागले आहेत. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी महाराष्ट्र शासनाने २०२४ साली कुशल मनुष्यबळाविषयी करारही केला आहे. अशा उमेदवारांनी एक फरक ध्यानात ठेवावा. जर्मनीत नकारानंतर गप्प राहणे म्हणजे नोंद पुसली जाण्यास वाट देणे होय.

यामागील कारण मनोरंजक आहे. तेथे २००६ पासून समान वागणुकीचा कायदा अस्तित्वात आहे. वंश, धर्म, लिंग, वय अशा कारणाने आपल्याला डावलले गेले असे उमेदवाराला वाटले, तर नकार मिळाल्यापासून दोन महिन्यांच्या आत त्याने लेखी मागणी करावयाची असते, आणि त्यानंतर तीन महिन्यांत न्यायालयात जावयाचे असते. आपला बचाव करता यावा म्हणून कंपन्या हा काळ व टपालासाठी थोडी सवड धरून अर्ज सुमारे सहा महिने ठेवतात. त्यापुढे ठेवण्याचे कारण उरत नाही. आणि मे २०१८ पासून लागू असलेल्या युरोपीय डेटा संरक्षण नियमानुसार कारण संपले की माहिती पुसावी लागते. याचसाठी तेथील कंपनी नकारपत्राबरोबरच विचारते, "आपणास आमच्या टॅलेंट पूलमध्ये राहावयाचे आहे काय ?" या प्रश्नाला ठरावीक दिवसांत होकार दिला तरच नोंद राहते, बहुधा एक किंवा दोन वर्षे. मुदत संपत आली की पुन्हा विचारणा येते. आपल्याकडील उमेदवार ही विचारणा जाहिरात समजून दुर्लक्षितात, किंवा ती ई-मेलच्या 'स्पॅम' कप्प्यात जाऊन पडते, आणि नोंद नाहीशी होते. अर्ज करताना जो पत्ता दिला तो ई-मेल आठवड्यातून एकदा, स्पॅमसह, उघडून पाहणे एवढाच यावर उपाय आहे.

नोंदीची निगा

चाकणच्या उदाहरणाकडे पुन्हा वळू. नकाराच्या पत्रव्यवहारात भरती अधिकाऱ्यांनी एका ओळीत लिहिले होते की, सी.एम.एम.चे प्रशिक्षण असल्यास पुढील वेळी अवश्य विचार होईल. त्या तरुणीने सुट्टीच्या दिवशी चालणाऱ्या वर्गात ते प्रशिक्षण घेतले आणि नोव्हेंबरमध्ये त्याच ई-मेल साखळीत चार ओळी पाठविल्या : प्रशिक्षण पूर्ण झाले, प्रमाणपत्र सोबत जोडले आहे, दूरध्वनी क्रमांक बदलला असून नवा क्रमांक असा आहे, इतर तपशील पूर्ववत. जूनपासून तिने लिहिलेले हे दुसरेच पत्र होते.

दर पंधरवड्याला "काही जागा आहे काय ?" असे विचारणे हा निगा राखण्याचा मार्ग नव्हे. काही बदलले असेल तेव्हाच लिहावे. नवे कौशल्य, नवा पत्ता, नोकरीतील बदल किंवा मुक्त होण्याच्या मुदतीतील बदल, ही लिहिण्याची कारणे होत. त्यांत बदललेला दूरध्वनी क्रमांक सर्वांत क्षुल्लक वाटतो आणि सर्वाधिक नुकसान तोच करतो. जुन्या क्रमांकावर दोनदा फोन लागला नाही की अधिकारी पुढच्या नावाकडे वळतो. त्याच्यापुढे दहा नावे असतात आणि जागा पंधरा दिवसांत भरावयाची असते.

आणखी एक अडचण आहे, जी उमेदवारांना सहसा ठाऊक नसते. कंपनीशी थेट परिचय झाल्यानंतर तोच उमेदवार एखाद्या प्लेसमेंट कन्सल्टंटमार्फतही आपले नाव पाठवितो. त्याला वाटते, दोन वाटांनी गेलेले बरे. परंतु कन्सल्टंटने सुचविलेला उमेदवार घेतल्यास कंपनीला त्याला मोबदला द्यावा लागतो. आता हा उमेदवार कंपनीच्या स्वतःच्या नोंदीतला की कन्सल्टंटचा, असा वाद उभा राहतो. आणि वाद टाळण्यासाठी त्या नावालाच बगल दिली जाते. म्हणून ज्या कंपनीच्या टॅलेंट पूलमध्ये आपण आहोत, तिचे नाव कन्सल्टंटला प्रथमच सांगून ठेवावे आणि तेथे आपले नाव पाठवू नये असे बजावावे.

फेब्रुवारीत त्या कारखान्यात दुसऱ्या पाळीसाठी जागा निघाली. अधिकाऱ्यांनी प्रणालीत 'सी.एम.एम.' हा शब्द टाकून शोध घेतला. नोव्हेंबरचे प्रमाणपत्र नोंदीला जोडलेले असल्यामुळे तिचे नाव वर आले, आणि नव्या क्रमांकावर फोन गेला. येथपर्यंत नोंदीने आपले काम केले. पुढचे काम मात्र उमेदवाराचे होते. तांत्रिक चाचणी वर्षाच्या आतील असल्याने ती पुन्हा घेतली गेली नाही, परंतु विभागप्रमुखांची मुलाखत नव्याने झाली आणि तीत अन्य तिघे जण होते. शिवाय नोंदीत अपेक्षित वेतन मागील वर्षाचेच राहिले होते. दरम्यान तिला फाउंड्रीत वेतनवाढ मिळाली होती. ही गोष्ट तिने पहिल्याच फोनवर सांगितली, हे बरे केले. अखेरच्या टप्प्यावर आकडा वाढविणाऱ्या उमेदवाराविषयी संशय निर्माण होतो. तिची निवड झाली. ती झाली नसती, तरी या साऱ्या प्रक्रियेत चूक काही नव्हती. टॅलेंट पूल उमेदवाराला मुलाखतीच्या दारापर्यंत आणतो, आत नेत नाही. त्यामुळेच या नोंदीच्या भरवशावर हाती आलेली दुसरी नोकरी नाकारणे योग्य ठरत नाही. नोकरी पत्करल्यास कंपनीला तसे कळवावे. नाव काढून टाकण्याची गरज नाही, केवळ परिस्थिती बदलली एवढे नोंदले जाते.

फसवणुकीची एक रीत

'भविष्यात संपर्क साधला जाईल' या वाक्याचा गैरफायदा घेणारे लोकही आहेत. नकारानंतर काही आठवड्यांनी फोन येतो, "आपले नाव आमच्या टॅलेंट पूलमध्ये होते, आता निवड झाली आहे; प्रशिक्षणाच्या किंवा कागदपत्र पडताळणीच्या अनामतीपोटी अमुक रक्कम भरा." उमेदवाराने खरोखरीच तेथे मुलाखत दिलेली असल्यामुळे त्याचा विश्वास बसतो. ओळखण्याची खूण सोपी आहे. खरा भरती अधिकारी जुन्या ई-मेल साखळीतून, कंपनीच्या पत्त्यावरून लिहू शकतो आणि मुलाखत कोणत्या पदासाठी, कोणाबरोबर झाली हे सांगू शकतो. लबाड माणसाला नाव आणि क्रमांक एवढेच ठाऊक असते. फोन ठेवून कंपनीच्या संकेतस्थळावरील क्रमांकावर स्वतः विचारणा करावी. टॅलेंट पूलमधून बोलावणे आले म्हणून पैसे भरण्याचे काहीच कारण नाही. रक्कम गेलीच असेल, तर सायबर गुन्ह्यांसाठीच्या १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तत्काळ कळवावे. जितका उशीर होईल तितके पैसे परत मिळणे कठीण जाते.

संमतीची मुदत संपण्याच्या सुमारास उमेदवाराने आपल्या दिनदर्शिकेत एक खूण करून ठेवावी. त्या दिवशी दोनच प्रश्न असतात : या कंपनीत अद्याप जावयाचे आहे काय, आणि मागील वर्षात तिच्याकडून एकदाही विचारणा झाली काय. जावयाचे असेल तर "माझी संमती आणखी बारा महिने वाढवावी" एवढी एक ओळ पुरते. जावयाचे नसेल, तर "भावी जागांसाठी माहिती ठेवण्यास दिलेली संमती मी मागे घेत आहे, माहिती पुसल्याचे कळवावे" असे लिहावे. कारण देण्याची आवश्यकता नाही. या ई-मेलची प्रत आणि त्यावर आलेले उत्तर मात्र जपून ठेवावे, कारण पुढे कोणा तिऱ्हाइताकडून त्याच माहितीच्या आधारे फोन येऊ लागले, तर तक्रार करताना दाखविण्यासारखे हेच दोन कागद हाती असतात.